प्लेलिस्टला कुलूप, व्हिडिओ उघडाच: यूट्यूबवर कोणाला काय दिसतं

गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाला आठवडा झाला असेल. एका विद्यार्थिनीच्या वडिलांचा फोन आला. "सर, हिच्या वादनाच्या व्हिडिओखाली कोणी अनोळखी माणसाने कमेंट टाकली आहे. तुम्ही तर म्हणाला होतात, लिंक फक्त आपल्या ग्रुपवर आहे."

मी हार्मोनियमचा वर्ग घेतो. लिंक खरंच मी फक्त ग्रुपवर टाकली होती आणि व्हिडिओ अनलिस्टेड होता. पण सोयीचं पडतं म्हणून तोच व्हिडिओ मी वर्गाच्या पब्लिक प्लेलिस्टमध्येही घातला होता. घाबरून मी लगेच प्लेलिस्ट प्रायव्हेट केली. परिणाम असा झाला की पालकांना प्लेलिस्ट दिसेनाशी झाली आणि त्या अनोळखी माणसाकडची लिंक मात्र आधीसारखीच उघडत राहिली. एकाच संध्याकाळी दोन्ही बाजूंनी चूक.

नंतर नीट बसून सगळं तपासलं, दुसऱ्या खात्यातून उघडून पाहिलं. वर्ग, मंडळ, भजनी गट किंवा घरच्या कार्यक्रमाचे व्हिडिओ यूट्यूबवर ठेवणाऱ्या कोणालाही ते उपयोगी पडेल, म्हणून क्रमाने लिहितो.

## सुरुवातीला काय हाताशी हवं

शक्यतो संगणक किंवा लॅपटॉप घ्या. मोबाइलवर सगळं होतं, पण एकाच वेळी दोन खिडक्या उघडून ताडून पाहणं जड जातं. चॅनलचं लॉगिन हवं. तपासणीसाठी चॅनलशी संबंध नसलेलं दुसरं गूगल खातं हवं, घरातल्या कोणाचंही चालेल. एक वही किंवा साधी एक्सेल शीट हवी. काही व्हिडिओ मोजक्या लोकांनाच दाखवायचे असतील तर त्या लोकांचे ईमेल पत्ते हवेत, आणि ते पत्ते त्यांच्या गूगल खात्याचे असले पाहिजेत. इथेच बरेचदा घोळ होतो. पालक ऑफिसचा ईमेल देतात, फोनवर मात्र जीमेलने लॉगिन असतात आणि मग "दिसत नाही" म्हणून फोन येतो.

## १. प्लेलिस्ट म्हणजे पेटी नव्हे, पाटी

आपण प्लेलिस्टकडे फोल्डरसारखं पाहतो. फोल्डरला कुलूप लावलं की आतल्या फायलीही बंद, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. यूट्यूबवर तसं नाही. तिथे व्हिडिओ चॅनलवर असतो आणि प्लेलिस्टमध्ये फक्त त्याचा पत्ता लिहिलेला असतो.

सोसायटीच्या खाली फ्लॅट नंबर आणि नावांची पाटी असते, तशी प्लेलिस्ट समजा. पाटी काढून घेतली म्हणून वरच्या एकाही दाराला कुलूप लागत नाही. पाटी लावली म्हणून कुलूप असलेलं दार उघडतही नाही.

आता दारं तीन प्रकारची आहेत. पब्लिक व्हिडिओचं दार उघडं आणि पत्ता सगळ्या गावाला माहीत. प्रायव्हेट व्हिडिओला खरंखुरं कुलूप. किल्ली तुमच्याकडे आणि तुम्ही ज्यांना नावानिशी दिली त्यांच्याकडे. अनलिस्टेड व्हिडिओचं दार मात्र उघडंच असतं, फक्त पत्ता कोणाला माहीत नसतो. पत्ता ज्याच्या हाती पडेल तो आत येतो, लॉगिनसुद्धा लागत नाही.

प्लेलिस्टलाही हेच तीन पर्याय आहेत: `Public`, `Unlisted`, `Private`. स्क्रीन कुठल्याही भाषेत असली तरी चिन्हांवरून ओळखता येतात. पृथ्वीचा गोल म्हणजे पब्लिक, साखळीची कडी म्हणजे अनलिस्टेड, कुलूप म्हणजे प्रायव्हेट.

नावं तीच असल्यामुळेच गोंधळ होतो. प्लेलिस्टचा पर्याय फक्त पाटी कोणाला दिसावी हे ठरवतो, व्हिडिओचा पर्याय दार कोणाला उघडावं हे. एकीकडे बदल केला की दुसरीकडे आपोआप काहीही बदलत नाही.

## २. आधी व्हिडिओंची यादी काढा

`studio.youtube.com` उघडा, डावीकडच्या `Content` वर जा. प्रत्येक व्हिडिओपुढे `Visibility` चा, म्हणजे दर्शनीयतेचा रकाना दिसेल. वर फिल्टर आहे, त्यातून फक्त अनलिस्टेड किंवा फक्त प्रायव्हेट व्हिडिओ वेगळे काढता येतात. मी एकेक नाव वहीत उतरवलं आणि पुढे लिहिलं, "हा खरं तर कोणी पाहावा?" आधी हे लिहा, मग स्क्रीनवर काय आहे ते पाहा. उलट केलंत तर जे आहे तेच बरोबर वाटायला लागतं.

माझ्या त्या प्लेलिस्टमध्ये 12 व्हिडिओ होते. 7 अलंकारांचे आणि रागांचे पाठ, सगळे पब्लिक. 4 गुरुपौर्णिमेला मुलांनी केलेल्या वादनाचे, अनलिस्टेड. आणि 1 रंगीत तालमीचं कच्चं रेकॉर्डिंग, प्रायव्हेट. प्लेलिस्ट पब्लिक.

परक्या माणसाला यातलं काय दिसत होतं? 7 पाठ अर्थातच. कच्चं रेकॉर्डिंग दिसत नव्हतं, कारण पब्लिक प्लेलिस्टमध्ये असूनही त्याचं कुलूप शाबूत होतं. आणि मुलांचे चारही व्हिडिओ व्यवस्थित दिसत होते, नावासकट, मुखचित्रासकट. मी पाटीवर त्यांचा पत्ता स्वतःच्या हाताने लिहिला होता. यात आणखी एक भर आहे: अनलिस्टेड व्हिडिओ एरवी यूट्यूबच्या शोधात येत नाही, पण कोणी तो पब्लिक प्लेलिस्टमध्ये घातला तर शोधातही येऊ शकतो. त्या अनोळखी गृहस्थांनी काहीही चोरून पाहिलं नव्हतं.

## ३. मग प्लेलिस्टची दर्शनीयता पाहा

स्टुडिओच्या `Content` मध्येच वर `Playlists` चा टॅब आहे. तिथे प्रत्येक प्लेलिस्टपुढे तिची दर्शनीयता दिसते. नवी प्लेलिस्ट बनवताना कुठला पर्याय आधीच निवडलेला आहे याकडे आपण पाहत नाही आणि घाईत नाव टाकून मोकळे होतो. म्हणून जुन्या सगळ्या प्लेलिस्ट एकदा नजरेखालून घाला.

पब्लिक प्लेलिस्ट चॅनलच्या पानावर दिसते आणि शोधात येते. अनलिस्टेड प्लेलिस्ट तिची लिंक असणाऱ्यालाच दिसते. प्रायव्हेट प्लेलिस्ट फक्त तुम्हाला. प्रायव्हेट प्लेलिस्टची लिंक पालकांना पाठवण्यात काहीच अर्थ नाही, त्यांच्याकडे ती उघडणारच नाही.

प्लेलिस्टचं नाव आणि वर्णन हे पाटीचाच भाग आहेत. आतले व्हिडिओ प्रायव्हेट असले तरी पब्लिक प्लेलिस्टच्या वर्णनात मुलांची पूर्ण नावं आणि शाळेचं नाव लिहिलं असेल तर ते उघडंच राहतं. माझ्या वर्णनात वर्गाचा पत्ता आणि वेळ होती. ती असू दिली, जाहिरातच आहे ती. मुलांची नावं काढली.

इथे उलटा गैरसमजही असतो. एका तबलावादक मित्राने आपले जुने, आता न आवडणारे व्हिडिओ एका प्लेलिस्टमध्ये गोळा केले, ती प्रायव्हेट केली आणि तो निर्धास्त झाला. व्हिडिओ पब्लिक होते, त्यामुळे ते चॅनलवर आणि शोधात जसेच्या तसे राहिले. लोकांपासून लपली ती फक्त त्याने केलेली यादी.

## ४. दोन पाट्या करा

खरा उपाय सोपा आहे. पब्लिक आणि अनलिस्टेड व्हिडिओ एका प्लेलिस्टमध्ये ठेवू नका.

मी आधी "वर्ग: मुलांचं वादन" नावाची नवी प्लेलिस्ट केली आणि तिला अनलिस्टेड ठेवलं. चारही व्हिडिओ तिच्यात घातले. मग जुन्या पब्लिक प्लेलिस्टमध्ये त्या प्रत्येक व्हिडिओशेजारच्या तीन ठिपक्यांवर जाऊन तो तिथून काढला. काढताना हात थरथरतो, व्हिडिओच पुसला जाईल असं वाटतं. पुसला जात नाही, पाटीवरून फक्त नाव जातं. फक्त हे काम प्लेलिस्टच्या पानावरूनच करा. स्टुडिओतल्या व्हिडिओंच्या यादीतला `Delete forever` हा मात्र खराच पुसतो.

शेवटी जुनी प्लेलिस्ट पुन्हा पब्लिक केली. पाठ सगळ्यांना, वादन पालकांना.

या रचनेला मर्यादा आहे आणि ती पालकांना सांगितली पाहिजे. अनलिस्टेड लिंक कोणीही पुढे पाठवू शकतो. इतकंच काय, लिंक असलेला कोणीही तुमचा व्हिडिओ स्वतःच्या पब्लिक प्लेलिस्टमध्ये घालू शकतो. कौतुकाने आजोबा "नातीचे व्हिडिओ" अशी प्लेलिस्ट करतात, ती पब्लिक राहते आणि आपण सगळी काळजी घेऊनही पत्ता पाटीवर लागतो. त्यांच्या प्लेलिस्टमधून तुम्हाला तो काढता येत नाही. निदान शंका आली तर पाहता येतं: स्टुडिओच्या `Analytics` मध्ये त्या व्हिडिओचे प्रेक्षक कुठून आले ते दाखवतात, त्यात प्लेलिस्टचाही एक स्रोत असतो. तुम्ही जो व्हिडिओ कुठल्याच पब्लिक प्लेलिस्टमध्ये घातलेला नाही, त्याला तिथून अनपेक्षित प्रेक्षक येत असतील तर आजोबांना फोन करा.

ज्या व्हिडिओबद्दल ही जोखीम अजिबात नको असेल तो प्रायव्हेट करा आणि नावानिशी दाखवा. स्टुडिओत व्हिडिओ उघडून `Visibility`, तिथे `Private`, मग `Share privately`, आणि ईमेल पत्ते. एका व्हिडिओला 50 पत्त्यांपर्यंत देता येतात. पाहणाऱ्याला त्याच खात्याने लॉगिन व्हावं लागतं. अशा व्हिडिओवर कमेंट करता येत नाहीत. आणि हे पत्ते व्हिडिओला दिलेले असतात, प्लेलिस्टला नाही. 4 व्हिडिओ असतील तर चारही ठिकाणी द्यावे लागतात. पालकांना मी अशा वेळी प्लेलिस्टची लिंक न देता त्या त्या व्हिडिओची लिंक देतो, म्हणजे काही अडलं तर कुठे अडलं ते लगेच कळतं.

## ५. लिंक पाठवताना शेपूट कापा

हा सापळा मला सगळ्यात उशिरा कळला. प्लेलिस्टमधून एखादा व्हिडिओ चालू असताना वरच्या पट्टीतली लिंक उचलली तर ती साधारण अशी असते:

```
https://www.youtube.com/watch?v=VIDEO_ID&list=PLAYLIST_ID&index=3
```

`v=` नंतरची 11 अक्षरं व्हिडिओची ओळख. `list=` नंतरचं, पुढच्या `&` पर्यंतचं, साधारणपणे `PL` ने सुरू होणारं, ही प्लेलिस्टची ओळख. म्हणजे एका मुलाच्या मावशीला फक्त त्याचा व्हिडिओ पाठवायचा म्हणून ही लिंक दिली, तर तिला शेजारी उरलेल्या तीन मुलांचे व्हिडिओही ओळीने मिळतात. प्लेलिस्ट अनलिस्टेड असली तरी मिळतात, कारण अनलिस्टेडची अट लिंक हीच आहे आणि ती तुम्हीच दिलीत. प्लेलिस्ट प्रायव्हेट असेल तरच शेपूट निरुपयोगी ठरतं.

पाठवण्याआधी पहिल्या `&` पासून पुढचं पुसा. एवढंच उरायला हवं:

```
https://www.youtube.com/watch?v=VIDEO_ID
```

शेअरचं बटण वापरून `youtu.be` ने सुरू होणारी छोटी लिंक घेतली तरी तिच्यात `list=` आहे का ते पाहा. असेल तर प्रश्नचिन्हापासून पुढचं सगळं काढून टाका, लिंक चालते.

## ६. परक्याच्या डोळ्यांनी पाहा

तुम्ही लॉगिन असताना केलेली तपासणी फुकट. तुम्ही मालक, तुम्हाला प्रायव्हेट व्हिडिओसुद्धा प्लेलिस्टमध्ये मुकाट दिसतात, फार तर छोटंसं कुलूप दिसतं. मी एकदा विद्यार्थ्यांना सांगितलं, "वरून पाचवा व्हिडिओ बघून तो अलंकार बसवून या." अर्धा वर्ग भलतंच वाजवत आला. वरून तिसरा व्हिडिओ मी काही दुरुस्तीसाठी प्रायव्हेट करून ठेवला होता. माझा पाचवा तो त्यांचा चौथा. तेव्हापासून पाठांच्या नावातच क्रमांक घालतो.

म्हणून क्रोममध्ये `Ctrl+Shift+N` दाबून इन्कॉग्निटो खिडकी उघडा, लॉगिन करू नका. त्यात आधी तुमच्या चॅनलचं पान उघडा आणि कुठल्या प्लेलिस्ट दिसतात ते पाहा. मग प्रत्येक पब्लिक प्लेलिस्ट उघडून वहीतल्या यादीशी नाव आणि नाव ताडा. काही व्हिडिओ लपवले आहेत अशी ओळ दिसली तर घाबरू नका, ती प्रायव्हेट किंवा पुसलेल्या व्हिडिओंबद्दल असते. त्यानंतर अनलिस्टेड प्लेलिस्टची लिंक चिकटवा, ती उघडली पाहिजे. प्रायव्हेट व्हिडिओची चिकटवा, ती अडली पाहिजे. शेवटी दुसऱ्या गूगल खात्याने लॉगिन करून, ज्या प्रायव्हेट व्हिडिओला तो ईमेल दिला आहे तो उघडतो का पाहा.

वेळ ठरवून टाकलेले व्हिडिओ या तपासणीत चकवतात. रविवारी सकाळी 7 ची वेळ लावलेला पाठ तोवर प्रायव्हेट असतो, म्हणून पब्लिक प्लेलिस्टमध्ये घातला तरी इतरांना दिसत नाही आणि वेळ झाली की आपोआप दिसू लागतो. पाठांसाठी हे फार सोयीचं. पण वेळ झाली की तो पब्लिक होतो, अनलिस्टेड नव्हे. मुलांच्या वादनाला चुकूनही वेळ लावून ठेवू नका.

## ७. जुने व्हिडिओ प्लेलिस्टमधून गायब असतील तर

चॅनल जुनं असेल तर एक खास कारण असू शकतं. 1 जानेवारी 2017 च्या आधी चढवलेले अनलिस्टेड व्हिडिओ यूट्यूबने 23 जुलै 2021 पासून प्रायव्हेट केले, ज्यांनी आधी कळवून नकार दिला त्यांचे सोडून. 2017 पासून अनलिस्टेड लिंक ओळखून काढणं अवघड व्हावं अशी सुधारणा झाली होती आणि जुन्या लिंका त्यात बसत नव्हत्या. त्यामुळे 2014 च्या कार्यक्रमाचा व्हिडिओ तुम्हाला प्लेलिस्टमध्ये दिसतो आणि परदेशातल्या भावाला दिसत नाही, असं होतं. व्हिडिओ पुन्हा अनलिस्टेड करता येतो, पण त्याची लिंक जुन्या पद्धतीचीच राहते. मूळ फाइल असेल तर नव्याने चढवून प्लेलिस्टमध्ये घालणं मला बरं वाटतं. जुन्या व्ह्यू आणि कमेंट सोबत येत नाहीत, घरगुती व्हिडिओला त्याचं फारसं अडत नाही.

व्हिडिओ दुसऱ्या कोणाच्या चॅनलवरचा असेल तर तुमच्या हातात काही नाही. त्यांनी तो प्रायव्हेट केला की तुमच्या प्लेलिस्टमध्ये त्याची जागा उरते, व्हिडिओ दिसत नाही.

## ८. लिंक बाहेर गेलीच असेल तर

क्रम महत्त्वाचा आहे. आधी व्हिडिओ प्रायव्हेट करा, मग प्लेलिस्टकडे वळा. मी उलट केलं आणि रात्रभर दार उघडंच राहिलं. अनेक व्हिडिओ असतील तर स्टुडिओच्या यादीत चौकोनात खूण करून सगळ्यांची दर्शनीयता एकदम बदलता येते. व्हिडिओ प्रायव्हेट झाला की तो आजोबांच्या प्लेलिस्टमध्ये असो की कोणा अनोळख्याच्या, सगळीकडे एकदम बंद होतो.

पुढे काही दिवसांनी तो पुन्हा अनलिस्टेड करायचा मोह होतो. तसं केलंत तर तीच जुनी लिंक जिवंत होते, कारण दर्शनीयता बदलली तरी व्हिडिओची ती 11 अक्षरं बदलत नाहीत. प्लेलिस्टचंही तसंच, प्रायव्हेट करून पुन्हा अनलिस्टेड केली तरी ओळख तीच. नवा पत्ता हवा असेल तर व्हिडिओ नव्याने चढवावा लागतो आणि प्लेलिस्ट नवी करावी लागते. मधल्या काळात कोणी व्हिडिओ उतरवून घेतला असेल, तर त्याला या कुठल्याच बटणाने हात लावता येत नाही. हे मी त्या वडिलांना स्पष्ट सांगितलं.

त्यांच्या मुलीचा व्हिडिओ आता नव्या लिंकवर आहे, प्रायव्हेट, 6 ईमेल पत्त्यांना दिलेला. सहावा पत्ता आजोबांचा. त्यांना गूगल खातं मी स्वतः घरी जाऊन काढून दिलं आणि त्यांची "नातीचे व्हिडिओ" प्लेलिस्टही तेव्हाच प्रायव्हेट करून आलो.